आधी पेटला का, ते बघा

प्रश्न: जुनी गाडी बघायला जातोय. डॅशबोर्डवर कुठलाच वॉर्निंग लाइट पेटलेला नाही, म्हणजे गाडीत काही दोष नाही असं समजायचं का? काही लोक बल्बच काढून टाकतात असं ऐकलंय, ते कसं ओळखायचं?

नाही. चालू इंजिनवर सगळं काळं दिसणं ही अर्धीच तपासणी झाली. इंजिन बंद करायला लावा, चावी ऑनवर आणा आणि स्टार्टर मारू नका. बटणवाली गाडी असेल तर ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण दाबा, बहुतेक गाड्यांत दुसऱ्यांदा दाबल्यावर दिवे येतात. आता चेक इंजिन, ऑइल, बॅटरी, एबीएस, एअरबॅग हे सगळे पेटायला हवेत. जो पेटलाच नाही, त्याचा बल्ब काढलाय, मागून टेप लावलीय किंवा तो खरंच गेलाय. मात्र त्या मॉडेलमध्ये एबीएस किंवा एअरबॅग मुळात आहे ना, हे आधी पुस्तिकेत बघून घ्या.

बल्ब काढणं ही जुनी युक्ती झाली. मी फसता फसता वाचलो ते वेगळ्याच प्रकारात. एका हॅचबॅकमध्ये चावी फिरवल्यावर सगळे दिवे व्यवस्थित पेटले. एअरबॅगचा दिवा स्वतःची तपासणी संपली की काही सेकंदांत, बऱ्याच गाड्यांत सहाएक सेकंदांत, आपोआप विझतो. इंजिन सुरू असो वा नसो. इथे वीस सेकंद झाले तरी तो तसाच. इंजिन सुरू केलं, तर बॅटरीच्या दिव्याबरोबर अगदी एकाच क्षणी विझला. बॅटरीचा दिवा अल्टरनेटर चार्ज करू लागला की विझतो, एअरबॅगचा त्याच्याशी काही संबंध नाही. दोनतीनदा करून पाहिलं, दरवेळी जोडीनेच.

मीटर उघडल्यावर मेकॅनिकला मागे एक बारीक वायर सापडली: एअरबॅगचा दिवा बॅटरीच्या दिव्याला जोडलेला. खरा दोष स्टिअरिंगमधल्या क्लॉक स्प्रिंगचा, म्हणजे स्टिअरिंग फिरलं तरी वायरी जोडलेल्या ठेवणाऱ्या भागाचा होता, ड्रायव्हरच्या एअरबॅगचं सर्किट तुटलेलं. हॉर्नची वायरही त्यातूनच जाते, आणि हॉर्न मधूनच वाजत नव्हता. तो मला आधीच खटकला होता, पण किरकोळ म्हणून सोडून दिला होता!

चेक इंजिनच्या बाबतीत गाडीच्या कंप्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा साधा ओबीडी स्कॅनर पुरतो. बल्ब काढला तरी कंप्युटर दिवा पेटवायचा हुकूम देतच असतो, आणि स्कॅनरवर `MIL ON`, म्हणजे चेक इंजिनचा दिवा चालू, असं दिसतं. कोड नसतील तर स्कॅनरवरच रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का, ते बघा. बरेचसे अपूर्ण असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढून लावलीय. मालकाला काही दिवस नेहमीसारखी चालवू द्या, मग पुन्हा लावून बघा. एअरबॅगचे कोड मात्र स्वस्तातला स्कॅनर बहुधा वाचत नाही, त्यासाठी एअरबॅगचं मॉड्यूल वाचणारं यंत्र असलेला मेकॅनिक लागेल.