चायनीज जॅकेटचा साईज चार्ट वाचायचा कसा?

"बहीण शेन्झेनहून डिसेंबरात येतेय, माझ्यासाठी जॅकेट आणि बूट आणणार आहे. तिने दुकानाच्या साईज चार्टचा फोटो पाठवलाय, सगळं चिनी भाषेत. इथे मी एल घालतो, बूट आठ नंबर. तिला कोणता साईज सांगू? सगळे म्हणतात सरळ दोन साईज मोठे घे."

ते 'सगळे' म्हणजे आमच्या मेहुण्यांचेच भाऊबंद दिसतात. रविवार कारंज्याजवळच्या दुकानात गेली बरीच वर्षं मी बाहेरदेशचे कपडे आल्टर करतो आणि त्यांतले निम्मे या 'दोन साईज मोठे घे'नेच बिघडलेले असतात. इथला एल आणि तिथला एल यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, त्यामुळे तुमचा 'एल' आधी विसरा. सेंटिमीटर तेवढे धरायचे.

मागच्या थंडीत एका गिऱ्हाइकाने असाच फोटो आणला होता. त्याची छाती ९६, वजन ६६ किलो, उंची १७२. फोटो मोबाईलच्या कॅमेऱ्यातून भाषांतरित केलेला होता. त्यात छातीचे आकडे एमपासून टूएक्सएलपर्यंत ११०, ११४, ११३, १२२ असे. एक्सएल हा एलपेक्षा लहान कसा असेल? एका चार्टात साईजमागे वाढ बहुधा ठरलेली असते, इथे छातीला ४, खांद्याला दीड, लांबीला २. म्हणजे तो आकडा ११८ होता आणि पुसट ८ चा मशीनने ३ केला होता. म्हणून भाषांतरावर विसंबण्याआधी प्रत्येक आकड्यातून अलीकडचा वजा करून बघा. जिथे पायरी मोडते तिथे मूळ फोटो मोठा करून डोळ्यांनी वाचा. मथळे चारच ओळखता आले तरी भागतं: 肩宽 खांदा, 胸围 छाती, 衣长 लांबी, 袖长 बाही.

आता खरी गोम. हे ११८ अंगाचं माप नाही, जॅकेटचं आहे. ज्या चार्टात खांदा, लांबी आणि बाही एकेका आकड्यात दिलेली असते, तो कपड्याचा चार्ट. '९२ ते ९६' असा पल्ला दिला असेल तर ते बहुतेक अंगाचं माप असतं. आणि छातीचा आकडा ५५-६० च्या घरात असेल तर जॅकेट टेबलावर पसरून एकाच बाजूने मोजलेलं आहे, त्याची दुप्पट करायची. जपानी दुकानांत 身幅 म्हणून हेच अर्धं माप देतात. या तिन्हींची सरमिसळ झाली की ९६ छातीचा माणूस 'मला ९६ चं जॅकेट हवं' म्हणत बसतो आणि चार्टात ते सापडत नाही.

गोंधळ आणखी वाढवतं ते आतलं लेबल. त्याच एक्सएलवर `180/96A` छापलेलं असतं. ते मात्र अंगाचं: उंची १८०, छाती ९६ असलेल्या माणसासाठी. शेवटचं A म्हणजे अंगकाठी, पुरुषांत छाती आणि कमर यांत १२ ते १६ सेंटिमीटरचा फरक. पोट सुटलेल्याला B किंवा C जवळचं. म्हणजे ९६ च्या अंगावर ११८ चं जॅकेट, मध्ये २२ सेंटिमीटर लूजिंग. आत स्वेटर घालून सकाळी गाडीवर निघायचं तर तेवढं लागतंच. नुसत्या शर्टाला १० ते १२ पुरे होतं.

गिऱ्हाईक अडलं ते वजनाच्या रकान्यावर. एक्सएलपुढे १३० ते १४५ लिहिलेलं. त्याने ते पौंड धरून ५९ ते ६६ किलो काढले आणि आपण जेमतेम काठावर, म्हणून टूएक्सएल ठरवून टाकला. मूळ फोटोत आकड्यांमागे 斤 होतं. ते चिनी माप, एक म्हणजे अर्धा किलो. म्हणजे ६५ ते ७२.५ किलो, ६६ वाला बरोबर आत बसतो.

पक्कं करायला मी त्याला त्याचं जुनं, अंगावर नीट बसणारं जॅकेट आणायला सांगितलं. तुम्हीही तेच करा. चेन लावून टेबलावर सपाट पसरायचं, ताणायचं नाही, दोन्ही काखांच्या इंचभर खाली आडवं मोजायचं. ५८ भरलं, दुप्पट ११६. खांदा शिवणीपासून शिवणीपर्यंत ४७, लांबी ६९, बाही ६२. चार्टातल्या एलची छाती ११४, खांदा ४७, लांबी ६९, बाही ६२. एक्सएलची ११८, ४८.५, ७१, ६३. छाती दोन्हींच्या मधोमध पडली. जुनं जॅकेट स्वेटरवर चढवलं की काखेत आवळायचं, म्हणून एक्सएल. तिथे खांदा दीडच सेंटिमीटर वाढतो, एकेका बाजूला पाऊण, ते खपून जातं. टेपवर इंच असतील तर गुणिले २.५४, आणि जुनी टेप ताणून लांबलेली असते, स्टीलच्या पट्टीला लावून बघा.

मेहुण्यांचं म्हणणं होतं, टूएक्सएल घे, टेलर आत घेईल. आत काय घेणार? बाजूची शिलाई घेता येते, बाहीही कफाला रिब किंवा चेन नसेल तर कमी होते. टूएक्सएलचा खांदा ५०. तो कमी करायचा तर दोन्ही बाह्या उसवायच्या, मुंढा नव्याने कापायचा, अस्तर सोडवायचं, आणि आत कापूस किंवा पिसं भरलेली असतील तर मी ते काम घेतच नाही. म्हणून खांदा आधी बघायचा, छाती त्यानंतर. हे मी त्यांना लग्नाच्या पंगतीत सांगितलं, तिथेही ते ऐकेनात.

हे सगळं शिवण खांद्यावर असलेल्या कपड्याला लागू. रॅगलन बाही असेल, म्हणजे शिवण मानेपासून काखेपर्यंत तिरकी गेलेली, तर चार्टात खांदा नसतो आणि बाही मानेपासून मोजलेली असते, ७८-८० असे आकडे दिसतील. घाबरू नका, आपल्या जॅकेटचंही मानेपासूनच मोजा. ताणणाऱ्या टी-शर्टाला हे लूजिंगचे आकडे लावू नका. आणि चार्टाखाली 1-3cm लिहिलेलं असतं, म्हणजे हाताने मोजल्याने इतका फरक पडू शकतो. त्यामुळे आकडा दोन साईजच्या मध्ये पडला तर वरचा घ्या. एवढ्यापुरते मेहुणे बरोबर.

बुटाचं थोडक्यात, तो माझा धंदा नाही. 'आठ' सांगू नका. संध्याकाळी मोजे घालून भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, सर्वांत लांब बोटापर्यंत मोजा, दोन्ही पायांचं, मोठं ते धरा. २६.३ आलं तर वरचा टप्पा २६५. चिनी बुटावर मिलिमीटरच असतात, आणि त्यांचा जुना नंबर काढायचा तर सेंटिमीटरची दुप्पट वजा १०, म्हणजे ४३. युरोपी कंपन्यांच्या तक्त्यांत हाच पाय बऱ्याचदा ४२ मध्ये जातो, म्हणून बहिणीला मिलिमीटरच कळवा.