परीक्षेत कोणता क्रम-नियम निवडावा?

प्रश्न: ऑपरेशन्स शेड्युलिंगच्या गणितात सर्वांत कमी वेळ लागणारे काम आधी घेणारा एसपीटी नियम लावायचा की सर्वांत लवकरच्या मुदतीचे काम आधी घेणारा ईडीडी, हे कसे ओळखावे?

उत्तर: प्रश्नात कोणते मोजमाप कमीत कमी करायला सांगितले आहे, ते आधी पाहावे. एकाच यंत्रावर आजपासून क, ख आणि ग ही कामे करायची असून त्यांना अनुक्रमे 7, 1 आणि 4 दिवस लागतात, तर मुदती 7, 9 आणि 12 व्या दिवशी संपतात, असे समजू.

एसपीटीनुसार ख, ग, क असा क्रम लागून कामे 1, 5 आणि 12 व्या दिवशी पूर्ण होतात. सरासरी प्रवाहकाल, म्हणजे आजपासून काम पूर्ण होईपर्यंतचा सरासरी वेळ, 6 दिवस येतो, परंतु क ला 5 दिवस उशीर होतो. ईडीडीनुसार क, ख, ग या क्रमाने एकही काम लांबत नाही, मात्र सरासरी 9 दिवसांवर जाते. ईडीडी सर्वाधिक उशीर किमान ठेवतो. उशिरा होणाऱ्या कामांची संख्या किमान राहील याची मात्र तो हमी देत नाही, आणि विद्यार्थी नेमके येथेच चुकतात.