पावतीवरचे 8.65 टक्के

प्रश्न : मी 68 वर्षांची, अनुदानित शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. दरमहा 50 हजार पेन्शन आहे. एप्रिल 2025 मध्ये 40 लाखांची पाच वर्षांची एफडी केली. दर 7.25 टक्के, पण व्याज शेवटी एकदम घेणार असल्यामुळे 8.65 टक्के पडतात असं बँकेने सांगितलं, पावतीवरही तसंच लिहून दिलं. महागाई 5 टक्के धरली तरी साडेतीन टक्के सुटतात. भाचा म्हणतो, एफडीत पैसे सडतात. त्याची पॉलिसी आहे : वर्षाला 3 लाख, पाच वर्षं भरायचे, दहाव्या वर्षाअखेर 21 लाख हमखास. एफडी मोडून त्यात घालू का? कराचा प्रश्न नाही. 15एच भरलाय आणि व्याज पाच वर्षांनी मिळणार असल्यामुळे रिटर्नमध्ये सध्या फक्त पेन्शन दाखवते.

उत्तर : ताई, एफडी मोडू नका आणि पॉलिसीच्या फॉर्मवर सही करू नका. पण तुमच्या पत्रातली खरी काळजीची गोष्ट शेवटच्या दोन वाक्यांत आहे. ती सुधारली नाही तर पाचव्या वर्षी पावणेतीन लाखांचा भुर्दंड बसेल, आणि त्यात भाच्याचा काही दोष नसेल.

आधी ते 8.65 बघू. बँकेने तिमाही चक्रवाढीने हिशोब केला. 40 लाखांचे पाच वर्षांनी साधारण 57 लाख 30 हजार होतात, म्हणजे 17 लाख 30 हजार व्याज. त्याला पाचाने भागलं, मग 40 लाखांनी भागलं, की आले 8.65 टक्के. हा भागाकार बरोबर असला तरी तो व्याजदर नव्हे. दुसऱ्या वर्षीचं व्याज 40 लाखांवर नाही, 43 लाखांवर मिळतं; पाचव्या वर्षीचं 53 लाखांवर. तुमचा खरा वार्षिक दर 7.45 टक्के आहे. ज्येष्ठांना पावतीवर असा आकडा लिहून देणं मला अजिबात पटत नाही, कारण माणूस पुढचे सगळे हिशोब त्याच्यावर बांधतो. तुम्हीही तेच केलंत.

आता महागाई. तुमचे 5 टक्केच धरू. आज 100 रुपयांना येणाऱ्या सामानाला पाच वर्षांनी 128 रुपये लागतील. म्हणून 57 लाख 30 हजारांना 1.28 ने भागायचं : आजच्या किमतीत 45 लाखांच्या आसपास. तुमच्या हिशोबाने ते जवळजवळ 48 लाख व्हायला हवे होते. म्हणजे पाच वर्षांत तुमची ऐपत 40 वरून 45 वर जाते, वर्षाला 2.3 टक्क्यांनी. बाकीचं व्याज महागाईची भरपाई करण्यात जातं. सुरक्षित ठेवीत एवढं सुटणं वाईट नाही. पण हे कर शून्य असेल तर.

कर या पाच लाखांच्या खऱ्या वाढीवर लागत नाही. तो कागदावरच्या 17 लाख 30 हजारांवर लागतो. महागाईने किती खाल्लं हे आयकर खातं विचारत नाही. म्हणूनच ते व्याज कोणत्या वर्षात दाखवता याला एवढं महत्त्व आहे.

समजा, तुम्ही ठरवल्याप्रमाणे सगळं व्याज पाचव्या वर्षी दाखवलंत. पेन्शन 6 लाख, त्यातून 75 हजारांची प्रमाणित वजावट गेली, उरले सव्वापाच. त्यात 17 लाख 30 हजार मिळवले की साडेबावीस लाख. आर्थिक वर्ष 2025-26 च्या नव्या करप्रणालीच्या टप्प्यांनी त्यावर सेस धरून सुमारे 2 लाख 74 हजार कर होतो. हातात राहतील साडेचोपन्न लाख, आजच्या किमतीत 42 लाख 70 हजार. खरा परतावा वर्षाला 1.3 टक्के. पाच लाखांच्या खऱ्या वाढीतला चाळीस टक्क्यांहून जास्त भाग करात गेला.

आता तेच व्याज दरवर्षी जमा होईल तसं दाखवा. पहिल्या वर्षी साधारण 2 लाख 98 हजार, मग हळूहळू वाढत पाचव्या वर्षी 3 लाख 97 हजार. पहिल्या वर्षीचं उत्पन्न सव्वाआठ लाखांच्या आत, पाचव्या वर्षीचं सव्वानऊच्या आत. महागाई भत्त्याने पेन्शन वाढली तरी साडेदहाच्या पुढे जाणं कठीण. नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे पाचही वर्षं कर शून्य, नियम असेच राहिले तर. एफडी तीच, दर तोच. फरक फक्त रिटर्नमधल्या एका ओळीचा.

व्याज हातात आल्यावरच दाखवण्याची पद्धत कायद्यात आहे, ती चोरी नाही. पण तुमच्यासाठी ती महाग आहे आणि शिवाय अडचणीची. बँक दरवर्षी जमा झालेलं व्याज आयकर खात्याला कळवते. आयकराच्या पोर्टलवर तुमचं एआयएस, म्हणजे वर्षभराच्या व्यवहारांचं माहितीपत्रक, उघडा, तिथे तो आकडा तुमच्या पॅनसमोर दिसेल. रिटर्नमध्ये तो नसला की विचारणा येऊ शकते. आणि 15एच बद्दलचा गैरसमज मला इतक्या वेळा भेटतो की इथे स्पष्टच लिहितो : तो कर माफीचा अर्ज नाही. या वर्षीच्या माझ्या एकूण उत्पन्नावर कर शून्य आहे, म्हणून टीडीएस कापू नका, असं तुम्ही सही करून सांगता. व्याज धरूनही तुमचा कर शून्य असल्यामुळे 2025-26 साठी ते विधान खरं ठरतं. पाचव्या वर्षी सगळं व्याज एकदम दाखवलंत तर खोटं ठरेल.

तेव्हा बँकेकडून 2025-26 चं व्याज प्रमाणपत्र घ्या, मुदतीच्या आत रिटर्न भरा आणि ती रक्कम इतर स्रोतांच्या उत्पन्नात दाखवा. मग पाचही वर्षं हीच पद्धत ठेवा, मध्ये बदलू नका. कुणी ज्येष्ठांना ठेवींच्या व्याजावर मिळणाऱ्या 80टीटीबीच्या 50 हजारांच्या वजावटीसाठी जुनी प्रणाली सुचवली तर नाही म्हणा. तुमच्या उत्पन्नावर तिथे पहिल्याच वर्षी 70 हजारांच्या आसपास कर बसेल.

राहिली पॉलिसी. 15 लाख भरून 21 मिळतात, म्हणजे 40 टक्के वाढ, हे ऐकायला एफडीच्या 43 टक्क्यांसारखंच वाटतं. पण इथे पैसे दहा वर्षं अडकतात. पहिला हप्ता दहा वर्षं, पाचवा सहा वर्षं. सरासरी आठ वर्षं. आठ वर्षांत 40 टक्के म्हणजे वर्षाला सव्वाचार टक्के. महागाई 5 टक्के असेल तर तुमची ऐपत दरवर्षी थोडी घटते, तीही हमखास. एफडीत पैसे सडतात म्हणणाऱ्याने हे विकावं, याचा मला राग येतो. मधे दवाखान्याची गरज पडली तर एफडी थोडं व्याज सोडून त्याच दिवशी मोडता येते. पॉलिसी सुरुवातीच्या वर्षांत सोडलीत तर भरलेल्यातलेही पैसे कमी मिळतात.

तुम्हाला महागाईची एवढी धास्ती घ्यायचं कारणही नाही. तुमच्या पेन्शनला महागाई भत्ता आहे, घरखर्च त्यातून चालतो. पाच वर्षांनी एफडी संपेल तेव्हा ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर आधी बघा. सध्या तिथे 8.2 टक्के मिळतात आणि 30 लाखांपर्यंत ठेवता येतात. व्याज दर तिमाहीला खात्यात येतं, त्यामुळे ते साठून एका वर्षात कोसळण्याचा प्रश्नच उरत नाही.