ज्युनिअरना मी शिकवते, पण माझ्या अप्रेझलला काय?

प्रश्न : वडोदऱ्याजवळच्या एका औषध कंपनीत क्यूसी लॅबला सहा वर्षं आहे. एचपीएलसी मशीनवर नवं पोर आलं की साहेब म्हणतात, "बेनकडे जा." त्यांना शिकवता शिकवता माझे सॅम्पल मागे पडतात, कंपनीची बस चुकते आणि वर्षाअखेर बोलणी मलाच बसतात. उपकार म्हणून किती दिवस करायचं? सरळ नाही म्हणू का?

उत्तर : नाही म्हणू नका, पण आत्ता चाललंय तसंही चालू ठेवू नका. मकरपुऱ्याकडच्या एका लॅबमधल्या ॲनालिस्ट बाई अशाच कोंडीत होत्या. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून त्यांचं प्रकरण सांगतो.

शिकवण्यात अर्धा दिवस जातो, असं त्यांचं म्हणणं होतं. दोन आठवडे त्यांनी वहीत फक्त तीन गोष्टी टिपल्या : कोणी हाक मारली, कशासाठी आणि किती मिनिटं गेली. निघाली दिवसाला साधारण पन्नास मिनिटं. त्रास वेळेचा कमी आणि तुकड्यांचा जास्त होता, कारण हाका सात-आठ वेळा यायच्या आणि त्याही बहुधा वजन चालू असताना. वहीत दुसरंही दिसलं. बरेचसे प्रश्न दोनच कामांभोवती फिरत होते : मोबाइल फेज, म्हणजे मशीनमधून वाहणारं द्रावण, बनवणं आणि सिस्टीम सुटेबिलिटी, म्हणजे सॅम्पलआधीची मशीनची चाचणी, पास न होणं. म्हणजे मुलांना "एचपीएलसी शिकवा" अशी गरज नव्हतीच.

ही वही हातात आल्यावर साहेबांशी बोलायला मुद्दा मिळाला. एका पानावर त्यांनी लिहून नेलं : दोन ज्युनिअर, मोबाइल फेज आणि सुटेबिलिटी एवढंच काम, तीन महिने, आठवड्यातून दोनदा ठरलेला एक-एक तास. मागच्या तीन महिन्यांत तयारीतल्या चुकीमुळे सुटेबिलिटी किती वेळा पुन्हा करावी लागली, तो आकडा त्यांनी लॉगबुकातून मोजून त्याच पानावर घातला. सुरुवातीचा आकडा आधी लिहिलेला नसेल, तर नंतरची सुधारणा फक्त तुम्हाला दिसते. बदल्यात मागितलं तेही तिथेच लिहिलं होतं : ट्रेनिंग मॅट्रिक्समध्ये ट्रेनर म्हणून नाव, कंपनीचं ट्रेनरचं प्रशिक्षण आणि केआरएमध्ये, म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या उद्दिष्टांत, या कामाला पंधरा टक्के वजन. साहेबांनी केआरएमध्ये दहा टक्के दिले आणि सॅम्पल कमी करायला नकार दिला. मात्र त्या दोन तासांत बाईंना कोणी उठवायचं नाही, एवढं त्यांनी मान्य केलं. व्यवहार म्हणून हे वाईट नव्हतं.

शिकवण्यासाठी त्यांनी टीडब्ल्यूआयची, म्हणजे 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री'ची, पद्धत घेतली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवखे कामगार लवकर तयार करायला ती वापरली गेली. कामाचा एक कागद करायचा आणि त्यात तीन रकाने ठेवायचे : पायरी, त्यातली मेख आणि कारण. कामाच्या ठरलेल्या लेखी पद्धतीत, म्हणजे एसओपीत, पहिला रकाना असतो, दुसरा कधीकधी, तिसरा जवळजवळ नसतोच. उदाहरणार्थ, "बफरचा पीएच जुळवा" ही पायरी. मेख अशी की ॲसिटोनायट्राइल घालायच्या आधी जुळवायचा. कारण असं की मीटर पाण्यातल्या बफरांवर कॅलिब्रेट केलेला असतो; सॉल्व्हंट मिसळल्यावर तो दाखवतो तो आकडा खरा धरता येत नाही आणि आलेखावरचा पीक आपली जागा बदलतो. कारण कळलेलं पोर रात्रपाळीत फोन करत नाही. एसओपी इंग्रजीत आणि मुलं आपसात गुजरातीत बोलणारी, म्हणून कारणं त्यांनी तोंडी गुजरातीतच समजावली. पाठांतर आणि समज यांतला फरक तिथे लगेच उघडा पडतो.

एक खबरदारी घ्यावी लागते. असा हाताने लिहिलेला कागद लॅबच्या भिंतीला चिकटवू नका. ऑडिटमध्ये तो अनियंत्रित दस्तऐवज ठरतो आणि शेरा तुमच्या नावावर येतो. क्यूए म्हणजे गुणवत्ता हमी विभागाकडून त्याला नंबर घ्या, मगच वापरा. बाईंचा यातच पहिला पंधरवडा गेला, पण कागदावर त्यांचं नाव अधिकृतपणे आलं, तेही यामुळेच.

पहिल्या महिन्यात सुटेबिलिटी पुन्हा करण्याचा आकडा वाढला. बाई घाबरल्या. वास्तविक मुलांनी स्वतःच्या हातांनी काम सुरू केलं की असं होतंच. तरी कारण तपासलं तेव्हा एक खोट सापडली. मुलगा चुकायच्या बेतात आला की बाई आधीच म्हणायच्या, "अरे, थांब." त्यामुळे त्याला चूक दिसायचीच नाही. पुढच्या वेळेपासून सरावाच्या द्रावणावर बाईंनी हात मागे बांधून बसायचं ठरलं. मुलाने काम करताना प्रत्येक पायरी आणि तिचं कारण मोठ्याने बोलायचं. बाईंनी शेवटी एकदाच बोलायचं. तिसऱ्या महिन्यात आकडा सुरुवातीच्या निम्म्यावर आला. शेवटी दोघांनी आधी तपासलेल्या सॅम्पलमधल्या औषधाचं प्रमाण स्वतः मोजलं, त्यांचे निकाल मूळ निकालाशी एसओपीतल्या मर्यादेत जुळले आणि दोघं क्वालिफाय झाले. तोवर रिलीजचं सॅम्पल त्यांच्या एकट्याच्या हाती देता येत नाही. साहेब घाईत असले तरी नाहीच.

सही हा सगळ्यात नाजूक भाग आहे. ऑडिट जवळ आलं आणि बाईंना मागच्या महिन्याच्या तारखेने ट्रेनिंग रेकॉर्ड भरायला सांगितलं गेलं. ट्रेनर म्हणून केलेली सही म्हणजे "मी याला हे करताना पाहिलं" अशी साक्ष असते. त्या म्हणाल्या, "साहेब, आज दोघांना बसवते आणि आजची तारीख घालते." भांडण झालं नाही. मुलगा सुटेबिलिटी पास होईपर्यंत इंजेक्शन मारत राहतो आणि नापास झालेली नोंदवत नाही, हे दिसलं तरी असंच ठाम राहावं लागतं. तुम्ही ट्रेनर असाल, तर तपास तुमच्यापर्यंत येतो.

बढती लगेच मिळाली नाही. फायदा झाला तो पुढच्या वर्षी, दुसऱ्या कंपनीत सेक्शन हेडच्या खालच्या जागेच्या मुलाखतीत. "टीम सांभाळली आहे का?" या प्रश्नाला बहुतेक ॲनालिस्टांकडे उत्तर नसतं. यांनी किती जण क्वालिफाय केले, आधीचा आकडा काय आणि नंतरचा काय, ते सांगितलं. प्रॉडक्टचं नाव घेतलं नाही, कंपनीचा एकही कागद सोबत नेला नाही. तुम्हीही नेऊ नका. तो गोपनीयतेचा भंग ठरतो.

तुमचं मन मेथड डेव्हलपमेंटमध्ये असेल, तर मात्र हा रस्ता कमी उपयोगाचा. तिथे तुम्ही बसवलेल्या मेथड्स बघतात. आणि दोनदा लेखी मागूनही साहेब केआरएमध्ये काही घालत नसतील, तर एका वेळी एकच ज्युनिअर घ्या, तोही ठरलेल्या तासालाच.

केआरए बहुतेक ठिकाणी एप्रिलमध्ये ठरतात. म्हणजे वही फेब्रुवारीत सुरू करा आणि पान मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात न्या. साहेबांना म्हणा, "शिकवायला माझी ना नाही, पण हे माझ्या कामात मोजलं जावं, आणि कसं मोजायचं ते मी लिहून आणलंय." त्याच दिवशी हेच दोन ओळींत ईमेलनेही पाठवा.