जेवणाच्या ताटावर अक्षर झाकायची कोडी

प्रश्न: मुलगी ९ वर्षांची, सासू-सासरे सत्तरीचे, रात्री सगळे सोबतच जेवतो. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नाही. तिघांनाही जमेल असा शब्दांचा खेळ किंवा कोडी सांगा ना.

ताई, आजीकडची जुनी कोडी तर विचाराच, ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ म्हटलं की पोरगी आधी साप शोधते अन् मग जीभ बाहेर काढून हसते. पण त्यांचं असं आहे की उत्तर एकदा कळलं की कोडं संपलं, अन् पोरीला स्वतःला काही बनवता येत नाही. म्हणून मी तुम्हाला अक्षर झाकायचा खेळ सांगतो, आमच्याकडे हाच सगळ्यात जास्त चालतो.

तीन अक्षरांचा असा शब्द घ्यायचा की त्यातलं कोणतंही एक अक्षर काढलं तरी उरलेल्या दोनाचा शब्द होतो. आता आपला कापूसच घ्या. पहिलं अक्षर झाकलं तर ‘पूस’, म्हणजे ताट पूस. मधलं झाकलं तर ‘कास’, गायीची. शेवटचं झाकलं तर ‘कापू’, कांदा कापू काय? कोडं घालताना शब्द सांगायचा नाही, फक्त खुणा सांगायच्या: “माझं पहिलं झाकलं तर ताट साफ होते, मधलं झाकलं तर मी गायीच्या पोटाखाली, शेवटचं झाकलं तर हाती विळी घेतो, अन् अख्खा असलो तर बोंडात फुटतो, सांग मी कोण?” बोंडाची खूण शेवटीच ठेवायची, कारण ती आधी आली तर आबाजी लगेच उत्तर देऊन मोकळे होतात अन् पोरगी रुसते.

उजवा हात खरकटा असतो, म्हणून डाव्या हाताची तीन बोटं उभी करायची, एका बोटाला एक अक्षर, अन् जे झाकायचं ते बोट मिटायचं. याच्यात लिहायचं कामच नाही, त्यामुळे आजी मागे राहत नाही. एक गोष्ट मात्र नक्की गडबड करते. आपण बोलताना ‘का-पूस’, ‘वा-वर’ असे दोनच तुकडे ऐकू येतात, शेवटचं अक्षर आधीच्याला चिकटते. पोरगी दोनच बोटं वर करून बसली तर समजायचं की हेच झालं, मग हळू म्हणून दाखवा, का... पू... स. पोरीला शाळेमुळे हे लवकर जमते, आजीला दोन-चार शब्द लागतात. जोडाक्षरवाले शब्द सुरुवातीला घेऊच नका, रस्ता दोन अक्षरी की तीन अक्षरी यावरच भांडण होते.

शब्द ताटातले नाहीतर वावरातले घ्यायचे. वावर हाच शब्द पहा ना: वर, वार, वाव. भाकर: कर, भार, भाक. वरण: रण, वण, वर. आता ‘भाक’ म्हणजे दिलेलं वचन अन् ‘वण’ म्हणजे जखमेची राहिलेली खूण हे ९ वर्षांच्या पोरीला माहीत नसते, ते आजी-आबाजींना माहीत असते, अन् आबाजी लगेच पायावरचा वण दाखवून तो कसा पडला ते सांगत बसतात. ते सांगू द्यायचं, खेळ थांबला तरी चालते, मला तर तोच भाग सगळ्यात आवडतो. फक्त तीन तुकड्यांपैकी निदान दोन पोरीच्या ओळखीचे पाहिजेत, नाहीतर ती अंदाज मारते अन् कंटाळते.

दोन-तीन दिवस तुम्ही कोडी घाला, मग पोरीलाच शब्द शोधायला लावा. ताटात जे दिसेल ते तिनं तपासायचं. लसूण घेतलं तर ‘सूण’ काही होत नाही, सोडून द्यायचं अन् पुढचं घ्यायचं. बरेच शब्द असेच फुकट जातात, म्हणून तिचे दोन तुकडे जमले तरी कोडं मंजूर करायचं, तिसऱ्याचा हट्ट नको. शब्द खरा की खोटा याचा निकाल आजीकडे द्या. ती रोजच्या बोलण्यात ऐकलेलाच शब्द मान्य करते, त्यामुळे पोरीला उगाच काहीतरी बनवता येत नाही. ह्रस्व-दीर्घावरून मात्र अडवू नका, ताटावर कानाला पटलं की झालं.

एका जेवणाला तीन-चार कोडी पुरे, त्याहून जास्त झाली की भाकर गार होते अन् आजीचं जेवण राहून जाते.

आज रात्रीसाठी एक देऊन ठेवतो, उत्तर पोरीला शोधू द्या: पहिलं झाकलं तर विहिरीच्या खाली, मधलं झाकलं तर दिलेला शब्द असा कर, शेवटचं झाकलं तर कांद्याची हिरवी, अन् अख्खं असलं तर आजी नेसते.