मेथड्स वेगळ्या नकोत, फिगरला लावून सांगा

प्रश्न: एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. जर्नल क्लबमध्ये डीएनएची नक्कल कशी होते यावरचा मेसेलसन आणि स्टाल यांचा १९५८ चा पेपर मांडायचा आहे. मेथड्स आणि फिगर्सचा सारांश नेमका कसा काढायचा? पहिलीच वेळ आहे.

सुरुवातीला मेथड्सच्या चार-पाच स्लाइड्स आणि मग सगळ्या फिगर्स, ही जी पद्धत सगळीकडे चालते ती सोडून द्या. ऐकणाऱ्याला दहाव्या मिनिटाला फिगर दिसते, तोवर तिसऱ्या मिनिटाला सांगितलेली पायरी तो विसरलेला असतो. मेथड्स त्या-त्या फिगरच्या खाली सांगायच्या, आणि त्याही गाळून. जुनी मंडळी यावर म्हणतात की पेपरचा क्रम मोडू नये. क्रम छापण्याच्या सोयीचा असतो, समजण्याच्या सोयीचा नसतो.

गाळण्याची चाळणी एकच. प्रत्येक पायरीला विचारा: ही बदलली, तर फिगरमधला बँड हलेल का, किंवा त्याचा अर्थ बदलेल का? उत्तर 'हो' असेल तर ती पायरी सांगायची. 'नाही' असेल तर ती तुमच्या वहीत राहते, कुणी विचारलं तर सांगायची.

तुमच्या पेपरवर ही चाळणी लावून पाहू. ई. कोलाय जिवाणू जड नायट्रोजन, म्हणजे एन-१५ असलेल्या माध्यमात १४ पिढ्या वाढवले. त्यानंतर हलका एन-१४ दिला आणि ठरावीक वेळांनी नमुने काढले. पेशी सोडियम डोडेसिल सल्फेटने फोडल्या आणि त्या लायसेटचे ०.०१ मिलिलिटर सीझियम क्लोराइडच्या ०.७० मिलिलिटर द्रावणात घातले. मिश्रणाची घनता १.७१. ते ४४,७७० आरपीएमवर, २५ अंशांना, २० तास फिरवलं आणि अतिनील प्रकाशात फोटो काढले. आता २५ अंश गाळा, पेशी गोळा करताना किती वेगाने फिरवल्या तेही गाळा. तीन गोष्टी मात्र गाळता येत नाहीत.

पहिली, १४ पिढ्या. इतक्या पिढ्यांनंतर जुना हलका डीएनए नगण्य उरतो, म्हणून शून्य वेळेला एकच जड बँड दिसतो. दोनच पिढ्या वाढवले असते तर सुरुवातच मिश्र झाली असती आणि पुढचं काहीच वाचता आलं नसतं.

दुसरी, २० तास. हे ग्रेडियंट आधी थर रचून बनवलेलं नाही. फिरवताना सीझियम क्लोराइड स्वतःच तळाकडे दाट होत जातं आणि डीएनए आपल्या घनतेच्या जागी येऊन थांबतो. लवकर थांबवलं तर बँड रुंद आणि भलत्या जागी दिसतो. पेपरची फिगर १ हेच दाखवते की किती तासांनी बँड स्थिर होतो. म्हणून ती 'नुसती तयारी' समजून उडवू नका. नंतर बँडच्या जागेवरून जे काही म्हटलं आहे, ते सगळं तिच्यावर उभं आहे.

तिसरी पायरी पाठ्यपुस्तकांत हमखास चुकते. तिथे लिहिलेलं असतं की जिवाणू एन-१४ च्या माध्यमात हलवले. मेथड्स नीट वाचा. कल्चर चालूच होतं, त्यात दहापट एन-१४ अमोनियम क्लोराइड आणि थोडे न्यूक्लिओसाइड्स ओतले. जड नायट्रोजन काढून टाकलेला नाही. म्हणजे बदलानंतर लगेच बनलेल्या डीएनएत साधारण अकरा भागांत एक भाग, नऊ टक्क्यांपर्यंत, जड नायट्रोजन येऊ शकतो. पुढे कल्चरमध्ये ताजं एन-१४ माध्यम घालत राहिल्यामुळे हे प्रमाण आणखी घटतं. निष्कर्ष बदलत नाही, पण 'पूर्ण हलका' हा शब्द तोंडातून निघाला की कुणीतरी हा प्रश्न विचारणार. उत्तर आधीच तयार ठेवा.

आणखी एक बारीक गोष्ट: डीएनए शुद्ध केलेलाच नाही, लायसेट सरळ फिरवलं आहे. मग तो बँड डीएनएचाच कशावरून? प्रथिनं हलकी म्हणून वर राहतात, आरएनए जड म्हणून तळाला जातो, आणि १.७१ च्या आसपास डीएनए एकटाच उरतो. हे एक वाक्य फिगर दाखवण्याआधी सांगा.

आता फिगर ४. सगळा पेपर तिच्यात आहे, म्हणून तुमचा अर्धा वेळ तिला द्या.

आधी अक्ष सांगा. घनता उजवीकडे वाढते, म्हणजे जड डीएनए उजवीकडे. डावीकडच्या फोटोंमध्ये गडद पट्टा म्हणजे अतिनील प्रकाश शोषणारा डीएनए. शेजारी डेन्सिटोमीटरने काढलेली रेघ आहे, तिची उंची म्हणजे डीएनएचं प्रमाण. वेळ मिनिटांत नाही, पिढ्यांत आहे: ०, ०.३, ०.७, १.० असं करत ४.१ पर्यंत. पिढीचा काळ कुठून आला, हे फिगर ३ मधल्या वाढीच्या आलेखात आहे. त्या फिगरचं काम तेवढंच, तिला एका वाक्यापेक्षा जास्त वेळ देऊ नका.

मग सरळ वरून खाली वाचत सुटू नका. आधी सगळ्यात खालच्या दोन ओळी दाखवा. ते वाढीचे नमुने नाहीत, मुद्दाम मिसळलेले नमुने आहेत: एकात ० आणि १.९ पिढी, दुसऱ्यात ० आणि ४.१ पिढी. नवखा वाचणारा इथे हमखास फसतो. तीन बँड दिसले की त्याला वाटतं, पुढच्या पिढ्यांत जड डीएनए परत आला. खरं तर ही मोजपट्टी आहे. शेवटच्या ओळीतल्या जड आणि हलक्या बँडच्या जागांवरून वरच्या प्रत्येक ओळीतला बँड किती जड, ते ठरतं. ० आणि १.९ च्या मिश्रणात मधला बँड त्या दोघांच्या बरोबर मध्ये, ५० टक्क्यांवर, दोन टक्के इकडे-तिकडे, असल्याचं लेखकांनी मोजलं आहे. 'मधला बँड अर्धाच जड आहे' या दाव्याचा पुरावा तोच एक आकडा आहे. जड आणि हलक्या बँडमधलं घनतेचं अंतर फक्त ०.०१४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे हेही सांगा, म्हणजे मोजमाप किती नाजूक आहे ते ऐकणाऱ्याला कळेल.

मोजपट्टी समजली की वर या. शून्याला एकच जड बँड. ०.३ आणि ०.७ ला जड बँड उतरत जातो, मधला चढत जातो. एका पिढीला जवळजवळ सगळं मधल्या जागी. १.९ ला मधला आणि हलका साधारण सारखे. ४.१ ला हलकाच प्रमुख, मधला थोडाच.

इथे एक हिशेब फळ्यावर करा, स्लाइडवर नको. डीएनएचे दोन भाग वेगळे होतात आणि प्रत्येकाला नवा जोडीदार मिळतो असं धरा. जुने भाग शंभर रेणूंमागे दोनशेच राहतात. ०.७ पिढीला शंभराचे साधारण १६२ रेणू होतात. दोनशे जुने भाग १६२ रेणूंत बसवायचे तर ३८ रेणू दोन्हीकडून जड आणि १२४ मिश्र राहतात. म्हणजे जड बँड साधारण २३ टक्के आणि मधला ७७ टक्के दिसायला हवा. १.९ पिढीला ३७३ रेणू होतात, त्यातले दोनशे मिश्र, म्हणजे सुमारे ५४ टक्के. आता फिगरमधल्या रेघांकडे बोट दाखवा आणि लोकांनाच पडताळू द्या. 'ट्रेंड दिसतो' असं नुसतं म्हणण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

लगेच दुसरे दोन पर्यायही याच हिशेबात घाला. जुना रेणू अख्खा राहत असता, तर एका पिढीला जड आणि हलका असे दोन बँड दिसले असते, मध्ये काही नाही. जुना माल तुकड्या-तुकड्यांनी सगळीकडे विखुरत असता, तर दोन पिढ्यांना एकच बँड, पावभर जड, दिसला असता. फिगरमध्ये या दोन्हींपैकी काहीच नाही. पर्याय कुठल्या ओळीत बाद होतो, त्या ओळीवर बोट ठेवून सांगा: पहिला १.० च्या ओळीत, दुसरा १.९ च्या.

आणि इथे माझा जुना वाद. पाठ्यपुस्तकातलं लाल-निळ्या धाग्यांचं चित्र लावून 'हेच सिद्ध झालं' म्हणू नका. लेखकांनी 'धागा' म्हटलेलं नाही, 'उपघटक' म्हटलं आहे. त्यांचा दावा इतकाच की रेणूतला नायट्रोजन दोन उपघटकांत सारखा वाटलेला असतो, आणि ते उपघटक पिढ्यान् पिढ्या अखंड राहतात. शेवटी त्यांनी मिश्र डीएनए १०० अंशांना ३० मिनिटं तापवून पुन्हा फिरवला आणि दोन बँड मिळाले. त्यावरून उपघटक वेगळे होतात हे कळतं. पण प्रत्येक उपघटक म्हणजे वॉटसन-क्रिकच्या मॉडेलमधला एकच धागा, हे त्यांनी पक्कं म्हटलेलं नाही. ती रेषा तुम्ही ओलांडलीत तर तो पेपरचा सारांश राहत नाही. पेपरमध्ये काय आहे आणि नंतर काय कळलं, यांच्या दोन वेगळ्या स्लाइड्स करा. माझ्या मते मांडणारा पेपर वाचून आला आहे की पुस्तक, हे इथेच कळतं.

वेळ वीस मिनिटं असेल तर प्रश्न आणि तीन पर्याय तीन मिनिटांत, फिगर १ आणि २ मिळून चार, फिगर ४ ला नऊ-दहा, तापवण्याचा प्रयोग दोन, उरलेला वेळ मर्यादांना. फिगर फोटो काढून चिकटवू नका, पीडीएफमधून मोठी कापा आणि ओळी दोन-दोन करून उघडा. बारा ओळी एकदम दाखवल्या की कुणीच तुमचं ऐकत नाही, सगळे वाचायला लागतात.

मेथड्स वेगळ्या नकोत हे मी जोरात म्हटलं खरं, पण पेपर नव्या तंत्राबद्दलच असेल तर ते लागू नाही, तिथे मेथड हाच निकाल असतो. शिवाय हा जुना पेपर आहे आणि यात आकडेवारीच्या चाचण्या नाहीत. पुढच्या वेळी आजचा पेपर मिळाला तर प्रत्येक फिगरखाली आणखी एक गोष्ट शोधावी लागेल: एन, म्हणजे नमुन्यांची संख्या, किती, आणि तो एन वेगळ्या कल्चरचा आहे की एकाच कल्चरमधून तीनदा घेतलेल्या नमुन्यांचा. ते बहुतेक वेळा कॅप्शनच्या शेवटच्या ओळीत असतं, तिथे नसेल तर पुरवणी फाइलमध्ये.