गुरुजींची मुलगी बी.एड.ला जाते म्हणते

"मॅडम, मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. मुलगी फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाली, वर्गात पहिली. आता बी.एड. करायचं म्हणते. एवढी हुशार पोर या वाटेला का जाते? तुम्हीच समजवा तिला."

सल्ला घ्यायला आलेल्या साताऱ्याच्या या बापलेकींना मी आधी एक कोरा कागद दिला. 'पगार कमी' हे सगळेच म्हणतात, पण सुरुवातीचं मानधनावरचं शिक्षणसेवकपद संपलं की माध्यमिक शिक्षकाचं मूळ वेतन ३८,६०० पासून सुरू होतं. भत्ते धरले तर ते काही वाईट नाही. अडचण आहे ती तिथवर पोहोचण्याची, म्हणून तिला वयाप्रमाणे वर्षं मांडायला लावली.

आज ती तेवीस वर्षांची. बी.एड. दोन वर्षांचं, म्हणजे पंचवीस. पुढे राज्य सरकारच्या पवित्र पोर्टलवरून होणाऱ्या शिक्षकभरतीसाठी अभियोग्यता चाचणी. ती २०१७ मध्ये झाली, मग थेट २०२३ मध्ये, त्यानंतर २०२५ मध्ये. पुढची कधी, यावर कोणी पैज लावू नये. २०२३ च्या परीक्षेतून नेमणुका व्हायला २०२४ उजाडलं. सगळं सुरळीत झालं तरी सत्ताविसाव्या वर्षी नेमणूक, तीही तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून, १८,००० मानधनावर. पूर्ण पगार तिशीत. शहरातल्या क्लासवाल्यानं तिला आजच महिना चाळीस हजार देऊ केले होते.

"आणि त्या चाचणीत फिजिक्स किती?" तिनं विचारलं. काहीच नाही. दोनशे गुणांत अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता. विषयात पहिली आलेल्या मुलीला हे झोंबलंच.

खासगी संस्थांत मुलाखतीची पायरी असते. तिच्या मैत्रिणीकडे एका संस्थेनं तिथं पैसे मागितले होते. यावर बोलताना माझाही आवाज चढतो, कबूल करते.

गुरुजी इतका वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पैशाचं सोडा. मी आलो तेव्हा गाव उठून उभं राहायचं. शेवटी शेवटी मी मतदारयाद्या फिरवल्या, खिचडीचा तांदूळ मोजला. मागे एक स्थळ आलं होतं, 'शिक्षणसेवक होणार' ऐकल्यावर त्यांनी फोन उचलला नाही."

'नको' म्हणण्यामागची खरी जखम ती होती.

मी दुसरी वाट दाखवली. बी.एड. झाल्यावर केंद्रीय विद्यालयांच्या पदव्युत्तर शिक्षक पदासाठी अर्ज करता येतो. तिथल्या परीक्षेत विषय असतो आणि मूळ वेतन पहिल्या दिवसापासून ४७,६००. मात्र स्पर्धा देशभरची, शिकवणं मराठीत नाही आणि नेमणूक कुठल्या राज्यात होईल सांगता येत नाही. गुरुजींना हे शेवटचं रुचलं नाही.

मुलीनं कागदावर अठ्ठाविसाव्या वर्षापाशी रेघ ओढली. तोवर नेमणूक नाही आली तर क्लास कायमचा. बी.एड.ला प्रवेश घेतलाय, क्लासमध्ये संध्याकाळचे दोन तास शिकवते. गुरुजींनी तो कागद घडी करून खिशात घातला.